R/I ला आधी ओळखा, मग प्राइम-मॅक्सिमल आपोआप ठरतं

प्रश्न: एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, सेटची तयारी चालू आहे. R/I फील्ड असेल तर I मॅक्सिमल, R/I इंटिग्रल डोमेन असेल तर I प्राइम, हे पाठ आहे, सिद्धताही लिहिता येते. पण Z[x] मध्ये (x²+1), (3, x²+1), (5, x²+1) असे आयडियल दिले की पुढे काय करायचं ते सुचत नाही. तिन्हीत x²+1 आहे, तरी उत्तरं वेगळी कशी? आणि R/I फील्ड आहे हे ओळखायचं तरी कसं?

प्रमेयात तुमचं काही अडलेलं नाही. अडलंय ते R/I हे चिन्ह कागदावर आल्यानंतर. बरेच विद्यार्थी तिथे "कोसेटचा संच" असं लिहितात आणि थांबतात. कोसेटकडे कितीही वेळ बघत बसलं तरी ती रिंग फील्ड आहे की नाही ते दिसत नाही. मी वीसेक वर्षं अल्जिब्रा शिकवतोय, आणि वर्गात एकच सवय लावायचा प्रयत्न करतो: R/I ला एखादं ओळखीचं नाव मिळेपर्यंत प्राइम-मॅक्सिमलचा विचार करायचाच नाही. नाव मिळालं की उत्तर बहुतेक वेळा एका ओळीत येतं.

R/I म्हणजे I मधल्या प्रत्येक घटकाला शून्य मानून केलेला हिशोब. घड्याळात १२ म्हणजे शून्य, तसंच. Z[x]/(3, x²+1) मध्ये हिशोब करताना दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या: 3 दिसला की तो शून्य, आणि x² दिसला की त्याच्या जागी −1. बाकी बेरीज-गुणाकार नेहमीचेच.

आता प्राइमची व्याख्या या हिशोबात वाचा. "ab हा I मध्ये असेल तर a किंवा b, निदान एक I मध्ये असतो." "I मध्ये असणं" म्हणजे R/I मध्ये "शून्य असणं". म्हणून ते वाक्य असं होतं: R/I मध्ये गुणाकार शून्य आला तर दोघांपैकी एक आधीच शून्य होता. ही इंटिग्रल डोमेनची व्याख्या झाली, इथे सिद्ध करण्यासारखं जवळपास काही उरतच नाही. (एवढंच बघायचं की I म्हणजे सगळी रिंग नसावी, नाहीतर R/I मध्ये 1 आणि 0 एकच होतात. हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण पुढे तो एका उदाहरणात गाठणार आहे.)

मॅक्सिमलच्या बाबतीत थोडं काम आहे, आणि ते काम नीट पाहिलं तर फील्ड कसं ओळखायचं तेही कळतं. I मॅक्सिमल आहे आणि a हा I च्या बाहेरचा घटक आहे असं समजा. I मध्ये a टाकला तर मोठा आयडियल मिळतो, आणि I च्या वर सगळी रिंग सोडून दुसरं काही नसल्यामुळे तो सगळी रिंगच असतो. म्हणजे 1 त्यात आहे, म्हणजे 1 = i + ra, जिथे i हा I मधला. R/I मध्ये i शून्य, म्हणून ra = 1. झालं, a ला व्यस्त मिळाला, आणि तो r आहे. उलट बाजूने वाचा: R/I मध्ये शून्येतर घटकाला व्यस्त नसेल, तर तोच घटक I मध्ये टाकून I आणि R यांच्या मधला आयडियल तयार होतो. मॅक्सिमल नसल्याचा पुरावा हवा असेल तर व्यस्त नसलेला एक घटक शोधायचा, बस.

आता तुमच्या उदाहरणांकडे येऊ. मी (3, x²+1) पासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात सरळ आहे.

आयडियलमध्ये दोन जनक आहेत, तर भाग एकदम न घेता एकेक घ्यायचा. आधी 3 शून्य केला: Z[x] चं F₃[x] झालं, म्हणजे सहगुणक 0, 1, 2 एवढेच. मग त्यात x²+1 शून्य केला. x²+1 मधल्या x² चा सहगुणक 1 आहे, म्हणून कुठल्याही बहुपदीला तिने भागता येतं आणि बाकी a + bx या रूपात उरते. a ला तीन पर्याय, b ला तीन, म्हणून R/I मध्ये बरोबर ९ घटक. इतक्या लहान रिंगेत सगळं हाताने तपासता येतं, पण त्याचीही गरज नाही. शाळेतली युक्ती वापरा:

(a + bx)(a − bx) = a² − b²x² = a² + b²

कारण x² = −1. आता मॉड्युलो 3 वर्ग फक्त 0 किंवा 1 असतात, म्हणून a² + b² ची किंमत 0, 1 किंवा 2 येते, आणि 0 येते ती a, b दोन्ही 0 असतील तेव्हाच. म्हणजे शून्येतर a + bx ला a − bx ने गुणलं की 1 किंवा 2 मिळतो, आणि F₃ मध्ये या दोघांनाही व्यस्त आहे. प्रत्येक शून्येतर घटकाला व्यस्त मिळाला. R/I हे ९ घटकांचं फील्ड आहे, I मॅक्सिमल आहे.

हे वर सांगितलेल्या 1 = i + ra शी कसं जुळतं तेही एकदा पाहून घ्या, नाहीतर सिद्धता एका वहीत आणि उदाहरण दुसऱ्या वहीत राहतं. a = x + 1 घ्या. वरच्या युक्तीने त्याचा व्यस्त x + 2 येतो. पडताळा Z[x] मध्येच, काहीही शून्य न मानता:

(x+1)(x+2) = x² + 3x + 2 = (x²+1) + 3x + 1

म्हणून 1 = (x+1)(x+2) − (x²+1) − 3·x. उजवीकडचे शेवटचे दोन पद आयडियलमधले, पहिलं पद ra. सिद्धतेतला i आणि r डोळ्यांसमोर आले.

आता 3 च्या जागी 5. काम तेच: a + bx, २५ घटक, आणि (a + bx)(a − bx) = a² + b². पण मॉड्युलो 5 आता 2² + 1² = 5 = 0 होतं! a = 2, b = 1 घेतले की (2 + x)(2 − x) शून्य. घटक दोन्ही शून्येतर, गुणाकार शून्य. 2 − x म्हणजे −(x + 3), म्हणून हेच Z[x] मध्ये लिहायचं तर

(x+2)(x+3) = x² + 5x + 6 = (x²+1) + 5(x+1)

उजवी बाजू आयडियलमध्ये आहे. x+2 आणि x+3 आयडियलमध्ये नाहीत, कारण R/I मध्ये a + bx हे रूप एकमेव असतं आणि ही दोन्ही रूपं 0 + 0x नाहीत. म्हणून (5, x²+1) प्राइमसुद्धा नाही, मॅक्सिमल तर नाहीच. परीक्षेत एवढं लिहिलं तर पुरे. पण इथे आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे: x+2 टाकला की (5, x+2) मिळतो, x+3 टाकला की (5, x+3), आणि दोन्हींचा क्वोशंट F₅ आहे (पहिल्यात x च्या जागी 3, दुसऱ्यात 2). दोन्ही मॅक्सिमल. R/I स्वतः F₅ × F₅ आहे, आणि (1, 0) ला (0, 1) ने गुणलं की शून्य येतं, ते झीरो डिव्हायझर इथूनच आलेत.

2 घेतला तर तिसराच प्रकार. मॉड्युलो 2 मध्ये x² + 1 = (x+1)², कारण मधलं 2x शून्य. R/I मध्ये चार घटक: 0, 1, x, x+1. x चा वर्ग 1, म्हणजे x ला व्यस्त आहे, पण x+1 चा वर्ग शून्य. प्राइम नाही. चार घटकांची रिंग दिसली की काही विद्यार्थी "चार घटकांचं फील्ड" असं लिहून मोकळे होतात. चार घटकांचं फील्ड असतं, पण ते x²+x+1 ने मिळतं, x²+1 ने नाही. नुसती घटकसंख्या मोजून फील्ड ठरत नाही.

आतापर्यंत 2, 3, 5 या तिघांची तीन वेगळी वागणूक दिसली. मूळ संख्या बदलली की x²+1 चे अवयव पडतात की नाही ते बदलतं, आणि सगळा फरक तिथेच आहे. p ला 4 ने भागून बाकी 3 उरली (3, 7, 11, 19…) तर (p, x²+1) मॅक्सिमल. बाकी 1 उरली (5, 13, 17, 29…) तर प्राइम नाही. 13 साठी 5² = 25 = −1, म्हणून x²+1 = (x−5)(x+5). ही वाटणी फर्माच्या दोन वर्गांच्या प्रमेयाशी जोडलेली आहे: 5 = 2² + 1², 13 = 3² + 2², पण 3 आणि 7 असे लिहिता येत नाहीत. a² + b² ची जी युक्ती आपण वापरली, ती काही योगायोगाने आलेली नाही.

उरला नुसता (x²+1). इथे कुठलीही संख्या शून्य झालेली नाही, म्हणून R/I अनंत आहे. x च्या जागी i ठेवणारा Z[x] → Z[i] हा होमोमॉर्फिझम घ्या. तो ऑन्टू आहे. कर्नल काढताना: f ला x²+1 ने भागलं, बाकी a + bx, आणि f(i) = a + bi. हे शून्य असेल तर a = b = 0, म्हणजे f हा x²+1 चा गुणक. कर्नल नेमका (x²+1). म्हणून R/I म्हणजे Z[i], म्हणजे कॉम्प्लेक्स संख्यांच्या आतली रिंग, तिथे झीरो डिव्हायझर असणं शक्य नाही. आयडियल प्राइम. पण Z[i] मध्ये 3 ला व्यस्त नाही, कारण 1/3 हा a + bi च्या रूपात पूर्णांक a, b घेऊन बसत नाही. म्हणून मॅक्सिमल नाही. आणि वर म्हटल्याप्रमाणे, व्यस्त नसलेला 3 आत टाका: (3, x²+1) मिळतो, हाच मधला आयडियल. तुमचं दुसरं उदाहरण तुमच्या पहिल्या उदाहरणाच्या डोक्यावर बसलेलं आहे.

या तिन्हीतून एक निरीक्षण काढा, ते मला विद्यार्थीदशेत कुणी सांगितलं नव्हतं आणि फार उशिरा लक्षात आलं. R/I सांत असेल तर प्राइम आणि मॅक्सिमल यांत फरकच नसतो. कारण सोपं आहे: सांत इंटिग्रल डोमेनमध्ये शून्येतर a ने गुणायचं, तर वेगवेगळ्या घटकांची वेगवेगळी उत्तरं येतात. घटक मोजकेच असल्यामुळे उत्तरांत सगळे घटक येऊन जातात, 1 सुद्धा. म्हणजे a ला व्यस्त आहे. त्यामुळे R/I सांत दिसली की मी फक्त झीरो डिव्हायझर शोधतो. नाही सापडला आणि नसल्याचं सिद्ध झालं, तर तो आयडियल प्राइमही आणि मॅक्सिमलही. हाच युक्तिवाद F वर सांत मितीच्या क्वोशंटला लागू होतो, जसं Q[x]/(x²+1): तिथे घटक अनंत आहेत, पण मिती 2 आहे, आणि सांत मितीत वन-वन रेषीय रूपांतर ऑन्टू असतंच. "प्राइम आहे पण मॅक्सिमल नाही" असा आयडियल हवा असेल तर क्वोशंट Z किंवा Z[i] किंवा F[y] यांच्यासारखा, दोन्ही अर्थांनी मोठा असावा लागतो.

म्हणजे मी प्रत्यक्षात काय क्रमाने करतो ते सांगतो. आधी 1 आयडियलमध्ये शिरलाय का ते बघतो. मग सोपा जनक (शक्यतो मूळ संख्या, किंवा x − c सारखा रेषीय) आधी शून्य करतो आणि उरलेल्यांचं त्या नव्या रिंगेत काय होतं ते पाहतो. शेवटी F[x]/(f) उरलं तर f चे अवयव, आणि Z किंवा Z[i] सारखं काही उरलं तर व्यस्त नसलेला एखादा घटक. एवढ्यावर सेटमधली या प्रकारची बहुतेक गणितं सुटावीत.

चुका मात्र ठरलेल्या जागी होतात. तीन सांगतो.

पहिली: "मूळ नाही, म्हणून अवयव नाहीत." दुसऱ्या आणि तिसऱ्या घाताच्या बहुपदींना हे चालतं, कारण अवयव पडलेच तर एक रेषीय असावाच लागतो. चौथ्या घाताला नाही. F₂ वर x⁴ + x² + 1 घ्या. 0 ठेवला तर 1, 1 ठेवला तर 3 म्हणजे 1. मूळ नाही. पण ही बहुपदी (x² + x + 1)² आहे. (2, x⁴+x²+1) प्राइम नाही, आणि उत्तरपत्रिकेत तो मॅक्सिमल म्हणून लिहिलेला मी कितीदा पाहिलाय याची मोजदाद नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, फळ्यावर, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात. Z[x]/(4x − 2) बघायचं होतं. 4x = 2, म्हणजे x = 1/2, म्हणून x → 1/2 हा होमोमॉर्फिझम, इमेज Z[1/2], म्हणजे छेदात फक्त 2 चे घात असलेले अपूर्णांक. डोमेन आहे, फील्ड नाही (3 ला व्यस्त नाही), म्हणून प्राइम, मॅक्सिमल नाही. फळा भरला, मी खूश. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, तो 2 गेला कुठे?" 4x − 2 = 2·(2x − 1). ना 2 त्या आयडियलमध्ये आहे, ना 2x − 1. प्राइम नाहीच. माझ्या होमोमॉर्फिझमचा कर्नल (2x − 1) होता, (4x − 2) त्याच्या आत बसतो एवढंच. मी "आयडियल कर्नलच्या आत आहे" एवढं पाहिलं आणि "आयडियल म्हणजेच कर्नल" असं लिहून टाकलं.

म्हणून कर्नल नेहमी दोन्ही बाजूंनी तपासा. (2x − 1) च्या बाबतीत नेहमीची भागाकाराची पद्धत अडते, कारण 2 ने भागायला लागतं. इथे खालच्या टोकाकडून भागायचं. f(1/2) = 0 असेल तर परिमेय सहगुणकांत f = (2x − 1)g लिहिता येतं. f चे सहगुणक a₀, a₁, …, g चे g₀, g₁, … धरा. स्थिरपद जुळवलं तर a₀ = −g₀, म्हणून g₀ पूर्णांक. पुढचं, a₁ = 2g₀ − g₁, म्हणून g₁ पूर्णांक. असंच वर सरकत जा, सगळे पूर्णांक येतात, कारण 2x − 1 चं स्थिरपद −1 आहे आणि त्याला व्यस्त आहे. 4x − 2 मध्ये नेमकं हेच बिनसतं.

तिसरी चूक कंसातल्या त्या क्षुल्लक मुद्द्याची. (2, 2x − 1) द्या वर्गात, निम्मे विद्यार्थी मोठ्या उत्साहाने क्वोशंट काढायला बसतात. पण 2·x − (2x − 1) = 1. आयडियल म्हणजे सगळं Z[x], क्वोशंट शून्य रिंग, ना प्राइम ना मॅक्सिमल. तेच (3, 2x − 1) घेतलं तर 3 शून्य असताना 2x = 1 म्हणजे x = 2, क्वोशंट F₃, मॅक्सिमल. फरक कशामुळे? 2 हा 2x − 1 च्या वरच्या सहगुणकाला भागतो, म्हणून मॉड्युलो 2 मध्ये x वाला पद गायब होऊन नुसता −1 उरतो.

यातूनच एक उपयुक्त गोष्ट मिळते: Z[x] मध्ये एका जनकाचा आयडियल कधीही मॅक्सिमल नसतो. f स्थिर नसेल तर तिच्या वरच्या सहगुणकाला न भागणारी मूळ संख्या p घ्या. मॉड्युलो p मध्येही f चा घात तेवढाच राहतो, म्हणून F_p[x]/(f) शून्य होत नाही, म्हणजे (p, f) सगळी रिंग नाही. आणि तो (f) पेक्षा मोठा आहे, कारण f च्या शून्येतर गुणकांचा घात निदान f इतका असतो, त्यांत p असूच शकत नाही. f स्थिर असेल, समजा p, तर क्वोशंट F_p[x], डोमेन आहे, पण x ला व्यस्त नाही. (0) तर नाहीच, कारण Z[x] स्वतः फील्ड नाही. म्हणून पर्यायांत "(x² + 1) मॅक्सिमल आहे" असं Z[x] बद्दल दिसलं की न बघता खोडा. Z[x] चे मॅक्सिमल आयडियल सगळे (p, f) या रूपाचे, f मॉड्युलो p अविभाज्य. म्हणजे त्यांचे क्वोशंट नेहमी सांत फील्ड.

"Z[x] बद्दल" हे शब्द मात्र विसरू नका. आयडियल प्राइम की मॅक्सिमल हे नुसत्या जनकावर ठरत नाही, रिंगवरही ठरतं. तोच x² + 1: Z[x] मध्ये प्राइम पण मॅक्सिमल नाही, Q[x] मध्ये मॅक्सिमल, R[x] मध्येही मॅक्सिमल आणि क्वोशंट म्हणजे कॉम्प्लेक्स संख्या, C[x] मध्ये (x − i)(x + i) असे अवयव पडतात म्हणून प्राइमही नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. Q[x] सारख्या, एका चलाच्या फील्डवरच्या रिंगेत शून्येतर प्राइम आयडियल मॅक्सिमलच असतात. Z मध्येही तसंच. Z आणि Q[x] वर हात बसलेला असल्यामुळे प्राइम आणि मॅक्सिमल हे एकच वाटायला लागतं, आणि मग Z[x] समोर आलं की पंचाईत.

शेवटी एक अट, जी तुमच्या पुस्तकात गृहीत धरली आहे की नाही ते एकदा उघडून बघा. "मॅक्सिमल असेल तर प्राइम" हे खरं ठरायला रिंगेत 1 असावा लागतो. सम पूर्णांकांची रिंग 2Z घ्या आणि तिच्यात 4Z. दोन्हींच्या मध्ये काही नाही, म्हणून 4Z मॅक्सिमल. पण 2·2 = 4 आत आहे आणि 2 बाहेर. प्राइम नाही! क्वोशंटमध्ये दोनच घटक आहेत आणि त्यात कशालाही कशानेही गुणलं तरी शून्य येतं. आपल्या सिद्धतेत "1 त्यात आहे, म्हणून 1 = i + ra" ही पायरी होती, ती इथे टाकायला जागाच नाही. काही पुस्तकं रिंगच्या व्याख्येत 1 घेतात, काही घेत नाहीत, आणि "प्रत्येक मॅक्सिमल आयडियल प्राइम असतो" हे विधान चूक की बरोबर असं विचारलं तर उत्तर त्यावरच अवलंबून असतं. प्रश्नात "कॉम्युटेटिव्ह रिंग विथ युनिटी" लिहिलंय का, ते आधी वाचा.